पेन्शनचा हिशेब (भाग 6) : वय वाढलं की हप्ता का वाढतो?

गिरगावात आमच्या मजल्यावर राहणारे अण्णा गेल्या रविवारी एजंटाने दिलेला छापील तक्ता घेऊन आले. दहा लाख एकरकमी भरायचे आणि दुसऱ्या महिन्यापासून तहहयात पेन्शन घ्यायची, अशी योजना. आयुर्विमा महामंडळाची ‘जीवन अक्षय-7’ याच जातीची. अण्णांचा प्रश्न सरळ होता. ‘‘साठाव्या वर्षी घेणाऱ्याला कमी आणि सत्तराव्या वर्षी घेणाऱ्याला जास्त? मी आधी पैसे देतोय, तरी मलाच कमी?’’

याचं निम्मं उत्तर सर्वांनाच सुचतं : सत्तरीतल्या माणसाला कमी वर्षं पेन्शन द्यायची असते. सोयीसाठी 7 टक्के व्याज, वर्षअखेरीस मोजलेलं, धरू. साठीतल्याचे दहा लाख व्याजासकट 22 वर्षांत संपवायचे, तर महिन्याला साधारण 7,530 रुपये पडतात. सत्तरीतल्याचे तेच 14 वर्षांत संपवायचे, तर 9,530. कंपनी स्वतःचा खर्च आणि पेन्शन घेणारे दीर्घायुषी निघण्याचा धोका धरते, त्यामुळे तिचे आकडे वेगळे येतात. वाढीची दिशा मात्र हीच.

उरलेलं निम्मं उत्तर लालबागच्या चाळीतल्या कुठल्याही भिशीवाल्याला पटकन कळेल. समजा, साठीच्या शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख एका भांड्यात टाकले. वर्षअखेर व्याजासह 107 लाख झाले. त्यातला एक जण गेला आणि त्याचा वाटा भांड्यातच राहिला. उरलेल्या 99 जणांना प्रत्येकी सुमारे 1 लाख 8 हजार येतात, म्हणजे व्याजाहून हजारभर रुपये जास्त. आता हेच शंभर जण पंचाहत्तरीचे धरा आणि वर्षात तीन गेले समजा. मग उरलेल्या प्रत्येकाला 1 लाख 10 हजार 300 मिळतात. व्याजावर 3,300 जादा. बँकेची ठेव हा जादा पैसा देऊ शकत नाही, कारण तिथे गेलेल्याचे पैसे वारसाकडे जातात. ऐकायला कठोर वाटतं खरं, पण तहहयात पेन्शनचं सगळं यंत्र याच पैशावर चालतं.

अण्णांचं बोट तक्त्यातल्या ‘खरेदी किंमत परत’ या रकान्यावर होतं. मृत्यूनंतर दहा लाख मुलांना परत मिळतात, म्हणून दादर-गिरगावातल्या घरांत हाच पर्याय आवडीचा. पण इथे भांड्यात मागे काहीच उरत नाही. कंपनी देते ते जवळजवळ नुसतं व्याज, आणि व्याजाला वय नसतं. म्हणून या रकान्यात साठ आणि सत्तर या वयांचे आकडे जवळपास सारखेच दिसतात. उशिरा घेतलं की हप्ता चांगला वाढतो, तो मुद्दल परत न मिळणाऱ्या पर्यायात. मुलांसाठी मुद्दल राखायचं असेल, तर हप्ता वाढावा म्हणून थांबण्यात फारसा अर्थ नाही.

मग मुद्दल सोडायला तयार असलेल्याने दहा वर्षं थांबावं का? तोवर दहा लाख ठेवीत 7 टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला 5,830 मिळतील. साठीतच पेन्शन सुरू केली असती तर 7,530. म्हणजे दरमहा 1,700 ची तूट, दहा वर्षांत 2 लाख 4 हजार. सत्तरीनंतर दर महिन्याला 2,000 जास्त येतात, तेव्हा ही तूट भरून यायला 102 महिने, म्हणजे साडेआठ वर्षं लागतात. साडेअठ्ठ्याहत्तरीच्या पुढे थांबणारा फायद्यात. तुटीवरचं व्याज धरलं तर हे वय बरंच पुढे जातं. आणि दहा वर्षांनी व्याजदर उतरले असतील, तर वयाने जे वाढवलं, ते उतरलेलं व्याज खाऊन टाकेल. कारण पेन्शनचा दर खरेदीच्या दिवशी गोठतो.

परळ-लालबागच्या बऱ्याच घरांत मात्र पेन्शन येते ती पी.एफ.ची, 1995 च्या योजनेतली. तिथे दर बाजारावर नाही, नियमावर ठरतो. पेन्शनचं वय 58. पन्नाशीनंतर आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कपात, आणि 60 पर्यंत थांबलं तर दर वर्षामागे 4 टक्के वाढ. कुणाची पेन्शन 3,000 बसते आणि नवा भरणा न करता तो दोन वर्षं थांबतो, असं धरा. त्याने 72,000 सोडले आणि मिळवले महिन्याला सुमारे 240. वसुलीला 300 महिने, म्हणजे वयाची 85 वर्षं! इथे थांबणं माझ्या मते तोट्याचं. वर्गणी चालू ठेवली तर सेवेची वर्षंही वाढतात, तो हिशेब निराळा.

अण्णांना मी एवढंच सांगितलं : एजंटाकडून एकाच रकमेचे चार आकडे लिहून घ्या. साठ आणि सत्तर, ही दोन वयं. मुद्दल परत आणि मुद्दल न परत, हे दोन पर्याय. तुम्हीही सही करण्याआधी हे चार आकडे मागून घ्या.