जिन्यातली दुर्गंधी आणि सुकलेला ट्रॅप

बाथरूम, बेसिन, सिंक किंवा संडास, यांतले काहीही ज्या पाइपला जोडलेले असते त्याचे दुसरे टोक शेवटी गटारात उघडते. गटारातली हवा त्या पाइपातून घरात येत नाही याचे कारण वाटेतले थोडेसे पाणी. पाइपाला दिलेल्या वळणात ते कायम साचून राहते. सांडपाणी त्याला ढकलून पुढे जाते, हवेला मात्र त्यातून मागे येता येत नाही. या वळणाला ट्रॅप म्हणतात आणि त्यातल्या पाण्याला सील. जमिनीतल्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप, बेसिनखाली बॉटल ट्रॅप, आणि तळमजल्याबाहेर सांडपाण्याचा पाइप चेंबरला मिळण्याआधी गली ट्रॅप. कमोडच्या भांड्यात दिसणारे पाणी हेही सीलच असते.

सीलची खोली किमान ५० मिलिमीटर असावी लागते. म्हणजे गटार आणि घर यांच्यामध्ये चार बोटेही न भरणारा पाण्याचा पडदा असतो. रोज वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये तो रोज नव्याने भरतो, त्यामुळे त्याची आठवणही होत नाही. वापर थांबला की पाणी उडू लागते. समजा दिवसाला दीड मिलिमीटर पाणी उडाले, तर ५० मिलिमीटरचा सील महिनाभरात संपतो. कोकणातल्या दमट हवेत याला जास्त दिवस लागतात. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यातही जाळीवर पंख्याचा वारा येत असेल, तर कमी दिवस पुरतात. शाळांना सुट्टी लागून निम्मी बिऱ्हाडे गावी जातात त्याच दिवसांत जिन्यातल्या वासाच्या तक्रारी का वाढतात, ते यावरून समजते.

सील सुकण्याची ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. बंद फ्लॅटमधले बाथरूम आणि ड्राय बाल्कनी ही पहिली. जिन्याखालचा नळ बंद झाल्यावर उरलेली मोरी, मीटर रूममधली जाळी, गच्चीजवळची कोणी न वापरणारी कॉमन संडास-बाथरूम ही नंतरची. यातल्या एका ठिकाणचा वास साऱ्या जिन्यात पसरतो, कारण जिना हा इमारतीतला सर्वांत उंच मोकळा पोकळ भाग असतो. त्यातली उबदार हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून, बंद दारांच्या फटींतून आणि डक्टच्या झडपांतून हवा ओढली जाते. त्यामुळे वास जिथे सर्वांत जास्त येतो तिथेच त्याचे मूळ असेल असे नाही. ते बऱ्याचदा एखादा मजला खाली असते.

सुकलेल्या सीलचे परिणाम वासापुरते राहत नाहीत, हे २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची लागण ३००हून अधिक रहिवाशांना झाली. तिथली बाथरूमची फरशी पुसून घेण्याची पद्धत होती, पाणी ओतले जात नव्हते. त्यामुळे अनेक घरांतले जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट फॅन चालू झाला की सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा त्या ट्रॅपमधून बाथरूममध्ये ओढली जात असावी, असे तपासात पुढे आले. त्यानंतर तिथल्या रहिवाशांना प्रत्येक जाळीत आठवड्यातून एकदा अर्धा लिटर पाणी ओतण्याची सूचना देण्यात आली.

सोसायटीच्या समितीकडे अशी तक्रार बहुतेक वेळा तोंडी किंवा एका वाक्यात जाते : ‘जिन्यात फार घाण वास येतो, काहीतरी करा.’ मग चेंबर उपसणारी गाडी बोलावली जाते, पैसे खर्च होतात आणि वास तसाच राहतो. तक्रारीच्या पत्राचा उपयोग व्हायचा तर त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसाव्या लागतात : काय आढळले, त्यावरून कसली शंका येते, आणि ती शंका खरी की खोटी हे कमी खर्चात कसे तपासता येईल. पुण्यातल्या एखाद्या चार मजली इमारतीतल्या रहिवाशाचे असे पत्र पुढीलप्रमाणे असू शकते.

‘मा. सचिव यांस,
विषय : बी विंगच्या जिन्यात येणारी सांडपाण्याची दुर्गंधी.

महोदय,
१० मेपासून बी विंगच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये सांडपाण्याचा वास येत आहे. तो सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान जास्त असतो, झुळकीसारखा येतो आणि जातो. दुपारी जवळजवळ नसतो. पहिल्या मजल्यावर तो कमी आहे, पण जिन्याखालच्या मोरीजवळ पुन्हा जाणवतो. आवारातल्या चेंबरची झाकणे पाहिली, पाणी तुंबलेले किंवा बाहेर आलेले दिसले नाही. आमच्या आणि समोरच्या घरातल्या जाळ्यांत पाणी आहे.
सदनिका क्र. २०३ मार्चपासून बंद आहे. जिन्याखालचा नळही दुरुस्तीसाठी बंद केल्यापासून त्या मोरीत पाणी पडत नाही. या दोन्ही ठिकाणचे ट्रॅप सुकले असावेत अशी शंका आहे, खात्री नाही.
विनंती अशी, की मोरीत आजच बादलीभर पाणी ओतून उद्या सकाळी पाहणी करावी. २०३च्या मालकांशी संपर्क साधून तिथल्या सर्व जाळ्यांत व बेसिनमध्ये पाणी ओतण्याची व्यवस्था करावी. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर डक्टमधले पाइप व गच्चीवरचा व्हेंट प्लंबरकडून तपासून घ्यावा.
आपला,
सदनिका क्र. ३०२’

या पत्रातला प्रत्येक तपशील एखादी शक्यता मागे टाकतो किंवा पुढे आणतो. सकाळच्या झुळकी महत्त्वाच्या आहेत. इमारतीत एकाच वेळी फ्लश आणि नळ चालू असतात तेव्हा उभ्या पाइपातून उतरणारे पाणी हवेला पुढे ढकलते, आणि ती हवा कोरड्या ट्रॅपमधून बाहेर पडते. रात्रभर जिन्याच्या खिडक्या बंद असल्या तर ती साचूनही राहते. चेंबर तुंबले असते तर वास दिवसभर आला असता आणि तळमजल्याला जास्त आला असता. उंदीर मेला असेल तर वास वेगळा असतो, वापराच्या वेळांनुसार बदलत नाही आणि काही दिवसांनी आपोआप ओसरतो. पाइपाचा सांधा फुटला असेल तर डक्टमध्ये ओल किंवा डाग सापडतो.

पत्र लिहिण्याआधीच एक गोष्ट तपासावी लागते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कुजक्या अंड्याचा वास देणारा गटारातला हायड्रोजन सल्फाइड आणि हा वास यांत गल्लत होते. जराही शंका असेल तर पत्राची वाट न पाहता गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. वासाचा माग काढण्यासाठी काडेपेटी किंवा उदबत्तीही पेटवू नये. हवा कुठून येते ते पाहायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी दाराच्या फटीशी धरली तरी पुरते.

समितीने पत्रातल्या क्रमाने काम केले तर ते असे चालते. जिन्याखालच्या मोरीची जाळी उचलून आत टॉर्चचा उजेड टाकला जातो. सील असेल तर पाण्याचा पृष्ठभाग चकाकतो, नसेल तर कोरडा, करडा थर दिसतो. इथे कोरडाच निघतो. बादलीभर पाणी ओतल्यावर खालचा वास तासाभरात कमी होतो. २०३ची किल्ली ज्या नातेवाइकांकडे आहे ते संध्याकाळी येतात. बाथरूम आणि ड्राय बाल्कनीचे नहाणी ट्रॅप कोरडे असतात, कमोडमधले पाणीही खाली गेलेले असते. सगळीकडे पाणी ओतून खिडक्या उघडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवरचा वास जातो.

तिसऱ्या दिवशी मोरीजवळ मात्र वास पुन्हा येतो. टॉर्च टाकल्यावर ट्रॅप परत रिकामा दिसतो. महिनाभराचे बाष्पीभवन दोन दिवसांत होत नाही, म्हणजे पाणी दुसऱ्या वाटेने जात आहे. प्लंबर आत हात घालून पोछ्याच्या सुतांचा गुंता बाहेर काढतो. त्याचे एक टोक सीलच्या पाण्यात आणि दुसरे वळणावरून पलीकडच्या पाइपात लोंबत होते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे सुतातून पाणी चढून थेंबथेंब पलीकडे गळत होते. केसांच्या गुंत्यानेही असेच होते. गुंता काढल्यावर पाण्याची पातळी टिकते. ती तरीही टिकली नसती तर ट्रॅपला तडा गेल्याची शंका घ्यावी लागली असती आणि फरशी उकरावी लागली असती.

पाणी ओतल्यावर सील किती वेळ टिकतो यावरून कारण ओळखता येते. काही आठवडे टिकला तर दोष फक्त न वापरण्याचा. काही तासांत किंवा दिवसांत गेला तर गुंता किंवा तडा. वरच्या मजल्यावर फ्लश केल्याबरोबर जाळीतून गुळगुळ आवाज येऊन पाणी ओढले गेले, तर दोष व्हेंटचा. उभ्या पाइपाचे वरचे टोक गच्चीवर उघडे ठेवलेले असते ते पाइपातल्या हवेचा दाब सांभाळण्यासाठी. तिथे घरटे, पालापाचोळा किंवा वॉटरप्रूफिंग करताना बसवलेले झाकण असेल, तर खाली जाणारे पाणी वाटेतल्या ट्रॅपमधले पाणी ओढून नेते. अशा वेळी कितीही बादल्या ओतल्या तरी वास परत येतो. सील शाबूत असताना वास येत राहिला तर शोध पाइपाच्या सांध्यांकडे, कमोडच्या बुडाशी असलेल्या जोडाकडे आणि गली ट्रॅपकडे वळवावा लागतो.

खर्च कोणाचा, यावरून वाद होतो. आदर्श उपविधींनुसार जिने आणि सामाईक ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती संस्थेकडे असते. घरातला ट्रॅप सदस्याचा. बंद घराच्या बाबतीत समितीने मालकाला लेखी कळवावे, कोणाला किल्ली द्यायची ते त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि त्या व्यक्तीच्या समोरच पाणी ओतावे.

पुढचा प्रतिबंध सोपा आहे. सामाईक जाळ्यांची यादी करून सफाई कामगाराने दर आठवड्याला प्रत्येकीत लिटरभर पाणी ओतायचे. घर महिन्याभराहून जास्त बंद राहणार असेल, तर जाण्यापूर्वी ट्रॅप भरून वर चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडावे. तेलाचा थर बाष्पीभवन मंदावतो. जी मोरी पुन्हा कधीच वापरायची नाही तिच्यावर नुसती फरशी टाकून भागत नाही, कारण फटींतून हवा येतेच. प्लंबरकडून तो पाइप कायमचा बंद करून घ्यावा लागतो.