हप्ता उतरला, पण व्याज किती चढले?
कर्ज पुनर्गठनाच्या कागदावर सही करण्याआधी करायचा हिशेब

डोलवी, ता. पेण : बाहेरकाठ्याला खांड पडली आणि खाडीचे खारे पाणी भातात शिरले, की त्या वर्षाचे पीक तर जातेच, शिवाय पुढचे एक-दोन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत उतारा हाती लागत नाही. खारेपाटात भाताचे पीक वर्षातून एकदाच. त्यामुळे ३१ मार्चचा हप्ता चुकतो आणि बँकेतून निरोप येतो, ‘कर्जाचे पुनर्गठन करून देतो, मुदत वाढेल, हप्ता कमी होईल, दरही एक टक्का कमी लावू.’ ऐकायला हे गोड वाटते. पण कर्ज स्वस्त झाले की महाग, हे हप्त्यावरून कळत नाही आणि नुसत्या दरावरूनही कळत नाही. आजपासून कर्ज फिटेपर्यंत एकूण व्याज किती जाणार, हा एकच आकडा दोन्ही बाजूंनी काढून शेजारी मांडावा लागतो. तो घरी वहीवर कसा काढायचा, ते आज पाहू.

आधी जुन्या कर्जाचा हिशेब

उदाहरणादाखल धरू, की एका शेतकऱ्याने पॉवर टिलर आणि जिताड्याच्या तळ्यासाठी मुदत कर्ज घेतले आहे. आज त्याच्या नावावर मुद्दल २,४०,००० रुपये बाकी आहे, दर १२ टक्के आणि वर्षाला एक असे चार हप्ते राहिले आहेत. प्रत्येक हप्त्यात मुद्दल ६०,००० आणि त्या वर्षाचे व्याज भरायचे.

पहिल्या वर्षी २,४०,००० वर व्याज २८,८०० होते. मुद्दल फिटत जाते तसे व्याज उतरते, म्हणून पुढे २१,६००, मग १४,४०० आणि शेवटी ७,२००. बेरीज ७२,००० रुपये. आजवर भरलेले व्याज यात धरायचे नाही. ते गेले ते गेले, आता फक्त पुढचे पाहायचे.

मुद्दलाचे हप्ते सारखे असतील तर याची एक सोपी रीत आहे. राहिलेल्या हप्त्यांच्या संख्येत एक मिळवा, दोनाने भागा आणि येणाऱ्या आकड्याने पहिल्या वर्षाच्या व्याजाला गुणा. इथे हप्ते चार, एक मिळवून पाच, दोनाने भागून अडीच. २८,८०० गुणिले अडीच म्हणजे ७२,०००. मासिक हप्त्याचे कर्ज असेल आणि प्रत्येक हप्ता सारखाच असेल, तर रीत याहून सोपी. हप्ता गुणिले राहिलेले हप्ते, त्यातून आजचे बाकी मुद्दल वजा केले की उरले ते व्याज.

आता बँकेने दिलेला कागद

समजा बँक म्हणते, दर ११ टक्के करू. पहिल्या वर्षी काहीच भरू नका, त्या वर्षाचे व्याज मुद्दलात मिळवू. नंतर सहा वर्षांत सहा हप्ते द्या.

पहिल्या वर्षाचे व्याज २६,४००. ते भरले नाही म्हणून मुद्दल २,६६,४०० झाले. त्याचे सहा समान भाग केले, तर दर वर्षी मुद्दल ४४,४०० आणि वर व्याज. वरची रीत लावा. हप्ते सहा, म्हणजे सात भागिले दोन, साडेतीन. २,६६,४०० वर ११ टक्क्यांनी पहिल्या हप्त्याचे व्याज २९,३०४, गुणिले साडेतीन म्हणजे १,०२,५६४. त्यात पहिल्या वर्षाचे २६,४०० मिळवा. एकूण व्याज १,२८,९६४ रुपये.

म्हणजे जुन्या कर्जाला ७२,०००, नव्याला १,२८,९६४. दर एक टक्क्याने उतरला आणि व्याज मात्र ५६,९६४ रुपयांनी चढले. कारणे दोन. पैसे चाराऐवजी सात वर्षे बँकेचे राहतात, हे मोठे कारण. दुसरे असे, की न भरलेले २६,४०० मुद्दलात गेले आणि त्यांच्यावरच पुढे १०,१६४ रुपये व्याज बसले. याउपर प्रक्रिया शुल्क किंवा तपासणी खर्च घेत असतील, तर तोही नव्या बाजूला लिहायचा. ते व्याज नसले तरी पैसे तुमच्याच खिशातून जातात.

मग नकोच म्हणायचे काय?

तसे नाही. इथेच बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. ७२,००० हा आकडा खरा कधी? तर येत्या मार्चला ६०,००० मुद्दल आणि २८,८०० व्याज, असे ८८,८०० रुपये तुमच्याकडे तयार असतील तरच. पीक गेले आहे, तळ्यातली मासळी पाण्याबरोबर गेली आहे, तर ते येणार कुठून? ‘सावकाराकडून उचलू’ असे म्हणत असाल, तर तेही जुन्याच बाजूला लिहा. महिना ३ टक्क्यांनी ८८,८०० वर वर्षाचे व्याज ३१,९६८ होते. मग जुन्या कर्जाचा खरा खर्च ७२,००० राहत नाही, तो १,०३,९६८ होतो. शिवाय पुढच्या मार्चला सावकाराचे १,२०,७६८ आणि बँकेचा ८१,६०० चा हप्ता, असे दोन लाखांवर रुपये एकदम उभे करावे लागतात. एका खराब वर्षानंतर ते कुणाला जमेल?

म्हणून जुन्या बाजूला करारात लिहिलेले नव्हे, तर प्रत्यक्षात जे घडणार आहे ते मांडायचे. पैसे खरोखर हाताशी असतील तर जुने कर्ज चालू ठेवणे फायद्याचे. नसतील तर पुनर्गठन घ्यायचे, पण बँकेने पुढे केलेला पहिलाच कागद घ्यायचा असे नाही.

मधला मार्ग मागून घ्या

बँकेला सांगा, ‘पहिल्या वर्षी मुद्दल थांबवा, व्याज मी भरतो. नंतर पूर्वीसारखेच चार हप्ते द्या.’ पहिल्या वर्षी फक्त २६,४०० भरायचे. मग २,४०,००० वर चार हप्ते, म्हणजे २६,४०० गुणिले अडीच, ६६,०००. एकूण व्याज ९२,४००.

तिन्ही आकडे एका ओळीत पाहा. जुने कर्ज ७२,०००, मधला मार्ग ९२,४००, बँकेचा कागद १,२८,९६४. एका वर्षाच्या विसाव्याची किंमत २०,४०० रुपये पडते आणि ती सावकाराच्या ३१,९६८ पेक्षा कमी आहे. त्यापुढची दोन जादा वर्षे आपल्याला खरोखर हवी आहेत काय, ते आपल्या जमिनीकडे पाहून ठरवा. काठा बांधून झाला असेल आणि एका पावसाळ्यात मीठ उतरेल अशी खात्री असेल, तर लांब मुदत कशाला? काठा अजून उघडाच असेल, तर मात्र दुसऱ्या वर्षीही हप्ता चुकेल. तिथे लांब मुदत महाग असली तरी नाइलाज आहे.

लांब मुदत घेतलीच, तर मुदतीआधी रक्कम भरायला शुल्क नको, एवढे लिहून घ्या. वरच्याच कर्जात दुसऱ्या वर्षी हप्त्याबरोबर आणखी ४४,४०० भरता आले आणि शेवटचा हप्ता त्यातून कापला, तर पाच वर्षांचे २४,४२० रुपये व्याज वाचते.

पीक कर्जाची गोष्ट वेगळी

सोसायटीमार्फत घेतलेल्या पीक कर्जात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. राज्यात २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शून्य टक्के व्याज पडते. कर्जाचे रूपांतर मध्यम मुदतीत झाले, की हे शून्य जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या नैसर्गिक आपत्तीविषयक निर्देशांत पीकहानी ३३ टक्के वा जास्त असेल तर पुनर्गठन, ५० टक्क्यांच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के वा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत, अशी रचना होती. रूपांतरित रकमेवर व्याज सवलत साधारणपणे पहिल्या वर्षापुरती, नंतर बँकेचा नेहमीचा दर.

एक लाखाचे पीक कर्ज धरा. पहिल्या वर्षी ७ टक्क्यांनी ७,००० व्याज भरले. पुढे ११ टक्क्यांनी दोन हप्ते, म्हणजे ११,००० गुणिले दीड, १६,५००. एकूण २३,५०० रुपये, तेही शून्याच्या जागी. म्हणून घरात थोडे धान्य, थोडी रोकड असेल आणि पीक कर्ज वेळेत भरणे कसेबसे जमत असेल, तर पुनर्गठन मुदत कर्जाचे मागा, पीक कर्ज फेडून टाका. पुष्कळ जण नेमके उलट करतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टी व पुरानंतर राज्य शासनाने बाधित तालुक्यांना ज्या सवलती दिल्या, त्यांत सहकारी कर्जाचे पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला एक वर्षाची स्थगिती होती. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. त्या वर्षाचे व्याज चालू राहते की शासन भरते, हे शाखेतून विचारून घ्या.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तसेच कृषी आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी, यांनाही एक सांगणे आहे. पंचनाम्यातला पीकहानीचा टक्का नुकसानभरपाईपुरता नसतो. ४८ लिहिले की ५२, यावर शेतकऱ्याला दोन वर्षे मिळतात की पाच, हे ठरू शकते. खारे पाणी किती दिवस शेतात उभे होते, तेही नोंदवा.

सही करण्याआधी

बँकेकडून दोन कागद लेखी मागा. जुन्या कर्जाचे राहिलेले हप्ते आणि नव्या कर्जाचे हप्त्यांचे वेळापत्रक, दोन्हींत मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवलेले. मग नव्या कागदावरचे सुरुवातीचे मुद्दल आपल्या खातेउताऱ्यावरच्या बाकीशी ताडून पाहा. जास्त दिसले तर वरची रक्कम कशाची, ते विचारा. थकलेले व्याज असेल तर तसे लिहिलेले हवे. थकबाकीचा दंड त्यात घातला असेल तर हरकत घ्या. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दंड हे शुल्क म्हणून वेगळेच ठेवायचे असते, मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही.

दोन्ही वेळापत्रकांतल्या व्याजाच्या रकान्याची बेरीज करा आणि ती कागदाच्या कोपऱ्यावर लिहा. साहेबांसमोर बसाल तेव्हा बोलणे हप्त्यावर न नेता त्या दोन बेरजांवर न्या.