ब्रॉन्झर केशरी का दिसतो?

उन्हात फिरलं की कपाळ, गालांच्या हाडांचा वरचा भाग आणि नाकाचा दांडा आधी रापतो. ब्रॉन्झर नेमकं तेवढंच रापलेपण चेहऱ्यावर आणतो. गर्लाँ या फ्रेंच कंपनीची टेराकोटा पावडर १९८४ साली आली, तेव्हापासून हा प्रकार मेकअपच्या पेटीत स्थिरावला. तो बिघडतो मात्र अगदी सहज.

कारण रंगाच्या मिश्रणात आहे. ब्रॉन्झरचा तपकिरी रंग मुख्यतः लोहाच्या लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडांतून तयार होतो. लाल-पिवळा वरचढ झाला की गोऱ्या चेहऱ्यावर केशरी झाक येते. काळा वाढला की गाल मळल्यासारखे दिसतात. ज्या गोऱ्या मुलीचे गाल जरा उन्हात गेलं तरी लाल होतात, तिच्या त्वचेत लाली मुळातच असते. तिने विटकरी छटा टाळून फिकट, पिवळसर तपकिरी घ्यावी आणि तीही स्वतःच्या रंगाहून एक, फार तर दोन छटा गडद.

गडद सावळ्या त्वचेचा प्रश्न वेगळा आहे, आणि दुकानांत त्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं. ‘टॅन’ नावाची मधली छटा अशा गालावर लावली की राखाडी थर दिसतो, कारण पावडरीतलं पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड आणि टाल्क वर उठून दिसतं. इथे हवा तो गडद, तांबूस तपकिरी रंग. गोऱ्या चेहऱ्यावर जो भडक वाटेल, तोच इथे ऊब आणतो. चमक हवी असेल तर सोनेरी किंवा तांब्याची घ्यावी. चंदेरी चमक पुन्हा राखाडीच दिसते.

अशा त्वचेला क्रीम बहुधा अधिक साथ देतं. त्यातले रंगकण तेला-मेणात भिजलेले असतात, म्हणून रंग खोल दिसतो. कोरड्या त्वचेवरही क्रीम छान मिसळतं. तेलकट त्वचेवर आणि मुंबईच्या दमट हवेत पावडर जास्त टिकते, पण तीही चेहऱ्याचं तेल शोषून ओल्या कापडासारखी गडद होते. म्हणून छटा मनगटावर न तपासता जबड्याच्या कडेला लावावी, दुकानाबाहेर उजेडात यावं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आरसा बघावा.

डाग पडतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. ओलसर फाउंडेशनवर पावडर लावली की ती टेकेल तिथेच चिकटते आणि मग कितीही घासलं तरी पसरत नाही. आधी फाउंडेशनवर रंगहीन सेटिंग पावडरचा पातळ हात फिरवावा, ब्रश झटकावा, मग ब्रॉन्झर. क्रीमचं उलट: ते सेटिंग पावडरच्या आधी, बोटाने थोपटून लावायचं. दोन्ही गालांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. गालाच्या खळगीत ब्रॉन्झर भरू नये, ती जागा थंड छटेच्या कॉन्टूरची.

तरीही केशरी दिसलंच, तर वर आणखी रंग चढवू नये. फाउंडेशनचा वापरलेला, जवळजवळ कोरडा स्पंज त्या जागी हलके दाबला की रंग उतरतो आणि कडाही विरतात.