बिर्याणीनंतरची शुगर : दोन तासांनी ठीक, रात्री दोनला तीनशे

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांना हा अनुभव ओळखीचा असतो. लग्नाच्या जेवणात मुलाने पोटभर मटण बिर्याणी खाल्ली, इन्शुलिन नीट हिशोब करून दिलं, दोन तासांनी बोट टोचलं तर शुगर १३०. सगळे निर्धास्त झोपले आणि सकाळी उठून पाहिलं तर २८०. मग घरात शोध सुरू होतो : रात्री याने गुपचूप मिठाई खाल्ली का? इन्शुलिन खराब झालं का? बहुतेक वेळा दोष मुलाचाही नसतो आणि इन्शुलिनचाही नसतो. इन्शुलिन आणि जेवण या दोघांच्या वेळा जुळलेल्या नसतात, एवढंच.

गैरसमज : दोन तासांनी शुगर चांगली आली म्हणजे जेवण निभावलं.

वरण-भात किंवा पोह्यांसाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. जेवणाआधी घ्यायचं जलद इन्शुलिन (लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट वगैरे) दहा-वीस मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि चारेक तासांत तो बराचसा ओसरतो. साध्या भाताची साखरही साधारण याच वेळात रक्तात येते, म्हणून जोडी जमते.

बिर्याणीत तेच तांदूळ तुपातेलात, मटणासोबत येतात. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की जठराला सावकाश रिकामं होण्याचा संदेश जातो. त्यामुळे भाताची साखर थोडी थोडी करून, तासन्‌तास रक्तात उतरत राहते. इन्शुलिनचा जोर पहिल्या दोन तासांत आणि साखरेचा भर त्यानंतर, म्हणून दोन तासांची शुगर फसवते. कधी कधी तर याच वेळी ती खूप खाली जाते, म्हणजे हायपो होतो. हायपो झाला म्हणून ग्लुकोज दिलं जातं आणि पुढच्या चढाला तेही हातभार लावतं. अशा जेवणानंतर चौथ्या-पाचव्या तासाची आणि रात्री दोन-तीनची शुगर पाहिल्याशिवाय काय घडलं ते कळतच नाही. सेन्सर असेल तर आलेखात आधी खळगा आणि मग लांबट, पसरट टेकडी स्पष्ट दिसते.

गैरसमज : तुपात, चीजमध्ये, मटणात साखर नाही, म्हणून त्यांच्यासाठी इन्शुलिन लागत नाही.

स्निग्ध पदार्थ साखर नुसती उशिरा आणत नाहीत. जड जेवणानंतर काही तासांनी रक्तात मेदाम्लं वाढतात, त्यामुळे शरीर इन्शुलिनला कमी दाद देतं आणि यकृतातून साखर जास्त सुटते. बॉस्टनच्या जॉस्लिन डायबिटीज सेंटरमध्ये हॉवर्ड वोल्पर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे मोजून दाखवलं. टाइप १ असलेल्या काही रुग्णांना दोन प्रकारचं रात्रीचं जेवण दिलं. कर्बोदकं सारखीच, पण स्निग्धांश एकात १० ग्रॅम आणि दुसऱ्यात ६० ग्रॅम. जास्त स्निग्ध जेवणाला सरासरी सुमारे ४२ टक्के जास्त इन्शुलिन लागलं आणि तरीही शुगर जास्तच राहिली. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सरासरीत दिसत नाही : माणसामाणसांत फरक प्रचंड होता. कुणाला दुपटीच्या आसपास लागलं, तर कुणाला उलट थोडं कमी पुरलं. म्हणून शेजारच्या मुलाचं गणित आपल्या मुलाला लावू नये.

प्रथिनांचं काम आणखी सावकाश चालतं. एखादं अंडं किंवा वाटीभर डाळीतल्या प्रथिनांचा वेगळा हिशोब करायची गरज सहसा पडत नाही. पण भातासोबत ३०-४० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली, तर साधारण तिसऱ्या तासानंतर त्यांचा चढ दिसू लागतो. प्रथिनांमुळे ग्लुकागॉन वाढतं आणि यकृत अमिनो आम्लांपासून साखर तयार करतं. स्निग्ध आणि प्रथिनं एकत्र असली की दोघांचा परिणाम एकावर एक चढतो. पिझ्झावरचं चीज हे दोन्ही एकदम देतं, म्हणून मैद्याच्या साध्या पावापेक्षा पिझ्झा जास्त छळतो.

गैरसमज : डोस विभागायचा म्हणजे निम्मा आधी, निम्मा नंतर.

समजा, एका सोळा वर्षांच्या मुलाला १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट लागतं. ताटात शिजलेला भात, बटाटा, तळलेला कांदा धरून १०० ग्रॅम कर्बोदकं आहेत, म्हणजे १० युनिट. साडेआठला जेवणाआधी सगळी १० दिली, तर दहाला शुगर ७० आणि दोनला २८०.

पुढच्या बिर्याणीला डॉक्टरांनी एकूण डोस तोच ठेवून फक्त विभागायला सांगितला : ६ युनिट जेवणाआधी, ४ युनिट दीड तासाने. आता दहाला ११५ आली, हायपो टळला. पण दोनला २२० होती. याचा अर्थ वेळ सुधारली, मात्र एकूण इन्शुलिन अजून अपुरं आहे. तिसऱ्या वेळी एकूण २० टक्के वाढवून १२ केलं : ७ आधी, ५ नंतर. डॉक्टर अनेकदा १५-२० टक्क्यांच्या वाढीपासूनच सुरुवात करतात. दोनला १६५ आली. इथेच थांबून दोन-तीन वेळा तेच आकडे येतात का, हे पाहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून कशाने काय झालं ते कळलं. पहिला भाग फार कमी केला, तर भाताची सुरुवातीची साखर लगेच उसळी मारते, म्हणून तिथेही बेतानेच. पंप असलेल्यांना दुसरी सुई टोचायची गरज नसते : काही भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन तासांत हळूहळू, असा बोलस त्यात लावता येतो.

दुसरी सुई द्यायच्या आधी बोट टोचायलाच हवं. शुगर ७०च्या जवळ किंवा भरभर उतरत असेल, मुलाने अर्धं ताट टाकलं असेल किंवा उलटी झाली असेल, तर ठरलेली दुसरी सुई तशीच देऊ नये. रात्री दहाला दिलेलं इन्शुलिन दोनपर्यंत अंगात असतं, त्यामुळे मध्येच बाराला २४० दिसली म्हणून घाबरून वर आणखी पूर्ण डोस दिला, तर पहाटे हायपो होऊ शकतो. रात्रीची ही तपासणी गजर लावूनच करावी.

गैरसमज : रात्री शुगर चढते, म्हणजे लांब पल्ल्याचं इन्शुलिन वाढवायला हवं.

साधं जेवण केलेल्या रात्रीही चढत असेल तरच तो विचार करावा. फक्त बिर्याणी-पिझ्झाच्या रात्रीसाठी रोजचं मूळ इन्शुलिन वाढवलं, तर उरलेल्या सहा रात्री शुगर पडायची भीती राहते.

आणि हे सगळं जलद इन्शुलिन वेगळं घेणाऱ्यांसाठी आहे. ३०/७० मिक्स घेणाऱ्यांनी डोस असा तोडू नये, कारण त्यातला मोठा भाग आधीच सावकाश काम करणारा असतो आणि दोन सुयांचा परिणाम एकमेकांवर चढतो. जुन्या रेग्युलर इन्शुलिनचं कामही सहा-आठ तास चालतं, त्यामुळे त्याला हे वेळापत्रक लागू नाही. ही दोन्ही इन्शुलिनं घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांकडे जाताना जड जेवणाच्या एका रात्रीचे आकडे वेळांसकट लिहून न्यावेत : जेवणाआधीचा, दोन तासांचा, पाच तासांचा आणि सकाळचा.