अंकी आणि अक्षरी

यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या एका मंडीत मी जमाखर्च सांभाळते. नगर, सोलापूर, नाशिककडून येणाऱ्या मालाचे हिशेब माझ्याकडे असतात, कारण त्या शेतकऱ्यांशी मराठीत बोलायचं असतं. सकाळी लिलाव आणि वजन होतं, दुपारी पट्टी तयार होते. मग दोन कामं उरतात. पैसे खात्यावर पाठवायचे, आणि किती पाठवले ते मोबाईलवर लिहून कळवायचं. पैसे पाठवायला बँक असते. कळवायचं काम आमचंच. शेतकरी शेकडो किलोमीटरवर असतो आणि बहुतेक वेळा लिलावाला हजर नसतो, त्यामुळे त्या चार ओळींवरच त्याला आपल्या मालाचं काय झालं ते समजून घ्यावं लागतं.

एक पट्टी घेऊ. ३१२ गोणी, वजन १५८ क्विंटल ४० किलो, भाव क्विंटलला १,८५० रुपये. गुणाकार २,९३,०४० रुपये. यातून लॉरीचं भाडं ४४,३५० रुपये वजा, ते आम्ही ड्रायव्हरला इथेच दिलेलं असतं. हमाली आणि तोलाई मिळून गोणीला ११ रुपये, म्हणजे ३,४३२. उरले २,४५,२५८ रुपये. दोन लाखांच्या वर रक्कम असल्याने ती आरटीजीएसने जाऊ शकते.

बँकेचं काम आमच्याकडे एक कन्नड मुलगा करतो. हुशार आहे, हिंदी आणि मराठी दोन्ही त्याला कळतात. मी पट्टीवरून रक्कम मोठ्याने वाचते, तो संगणकावर भरतो. त्या दिवशी मी म्हटलं, ‘दोन लाख पंचेचाळीस हजार दोनशे अठ्ठावन्न.’ त्याने भरलं 254258. पुढच्या पडद्यावर बँकेने तीच रक्कम इंग्रजी अक्षरांत दाखवली, तेव्हा त्यात चोपन्न हजार आहेत हे त्याच्या लक्षात आलं. ‘मॅडम, फिफ्टी फोर ना?’ त्याने विचारलं. मी पट्टी पुढे केली. पैसे गेले नव्हते.

चूक त्याच्या निष्काळजीपणाची नव्हती, संख्या बोलण्याच्या रीतीची होती. कन्नडमध्ये पंचेचाळीसला नलवत्तैदु म्हणतात, म्हणजे आधी चाळीस आणि मग पाच. इंग्रजीतही तसंच. मराठीत आधी पाच येतो आणि चाळीस नंतर. हिंदीतही क्रम हाच. ऐकणाऱ्याच्या कानावर पहिल्यांदा ‘पंच’ पडतं, बोट 5 वर जातं, मग ‘चाळीस’ ऐकून 4. वीसच्या पुढच्या बहुतेक आकड्यांना हा धोका आहे. एकोण लागलेल्या संख्यांमध्ये आणखी एक भर पडते. मंडीच्या गलक्यात फोनवर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकसष्ट’ यांचा सुरुवातीचा ‘एक’ तेवढा स्पष्ट येतो, बाकीचं अंदाजाने भरलं जातं. एकोणसत्तर-एकाहत्तर, एकोणपन्नास-एक्कावन्न, या जोड्या मी तोंडी कधीच पाठवत नाही. लिहिल्याशिवाय त्या सांगायच्याच नाहीत.

म्हणून आमच्या निरोपात रक्कम दोनदा येते, अंकांत आणि अक्षरांत. यामागे जुनी शहाणपणाची रीत आहे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं, की धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांत अंकांतली आणि अक्षरांतली रक्कम जुळत नसेल, तर अक्षरांतली खरी धरायची. कारण उघड आहे. अंकात एक शून्य घुसवणं किंवा 1 चा 7 करणं सोपं, ‘पंधरा’ या शब्दाचं ‘पन्नास’ करणं तितकं सोपं नाही. हाताने लिहिताना चूक झाली तरी अंक चुकण्याचीच शक्यता जास्त, अख्खा शब्द लिहिताना माणूस थांबून विचार करतो.

मोबाईलवरच्या निरोपाला मात्र हे कलम लागू नाही, तो धनादेश नव्हे. आणि आरटीजीएसच्या यंत्रणेत अक्षरांना जागाच नाही. तिथे बँकेकडून बँकेकडे जातो तो फक्त अंक, स्वल्पविरामही न घेता, साधारण असा:

```
<IntrBkSttlmAmt Ccy="INR">245258.00</IntrBkSttlmAmt>
```

इथे कोणीच अक्षरं वाचून तपासत नाही. तपासणी जी काय व्हायची ती हे भरण्याआधी, माणसांच्या पातळीवर.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती सांगते. रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहिल्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा दोन्ही वेगवेगळ्या वाटेने आलेल्या असतात. हल्ली हिशेबाचं सॉफ्टवेअर बिलाखाली अक्षरी रक्कम आपोआप छापतं. अंकात 254258 पडलं असेल, तर ते सॉफ्टवेअर निमूटपणे ‘दोन लाख चोपन्न हजार’ छापेल आणि कागद निर्दोष दिसेल. दोन साक्षीदारांनी एकमेकांशी बोलून जबानी दिली, तर ती एकाचीच जबानी ठरते. म्हणून निरोपातला अंक मी बँकेच्या पडद्यावरून घेते आणि अक्षरं पट्टीकडे बघून टाइप करते, अंकाकडे न बघता. दोन्ही समोरासमोर आल्यावर जुळली तरच निरोप जातो. बँकेच्या पडद्यावरची आपोआप आलेली अक्षरंही निरुपयोगी नाहीत, त्यांच्यामुळे भरणाऱ्याला तोच आकडा वेगळ्या रूपात दिसतो. पण ती पट्टीशी ताडून पाहिली तरच. त्या दिवशी उपयोग झाला, कारण मुलगा थांबला आणि पट्टी हाताशी होती.

आमचा निरोप असा दिसतो:

```
312 गोणी, 158.40 क्विंटल, दर क्विंटलला 1,850
माल: ₹2,93,040/-
वजा भाडे: ₹44,350/-
वजा हमाली-तोलाई: ₹3,432/-
निव्वळ: ₹2,45,258/-
अक्षरी: दोन लाख पंचेचाळीस हजार दोनशे
अठ्ठावन्न रुपये मात्र
सुटे: दोन चार पाच, दोन पाच आठ
आज जमा: सगळी रक्कम. बाकी: काही नाही
```

याखाली बँकेकडून मिळालेला व्यवहार क्रमांक. पहिल्या पाच ओळी ज्याला गुणाकार-वजाबाकी येते त्याला स्वतः तपासता येतात, म्हणून त्या वगळायच्या नाहीत. ‘निव्वळ’ तेवढं कळवलं तर शेतकऱ्याकडे चूक पकडायला काहीच राहत नाही. दराच्या ओळीत ‘क्विंटलला’ हा शब्द असलाच पाहिजे. बोलताना कोणी ‘साडेअठरा’ म्हणतं, ते किलोचे रुपये असतात, कोणी ‘साडेअठराशे’ म्हणतं, ते क्विंटलचे.

‘सुटे’ ही ओळ त्या कन्नड मुलासाठी सुरू केली, पण गावाकडच्या लोकांनाही ती आवडली. एकेक आकडा सुटा म्हटला की कोणत्याही भाषेत क्रम बदलत नाही. फोनवर विचारणाऱ्यालाही मी हेच वाचून दाखवते.

अंक मी इंग्रजीच टाइप करते. मराठी अंकांबद्दल मला माया आहे, पण निरोप अनेक हातांतून जातो. मराठी ४ घाईत वाचणाऱ्याला 8 सारखा वाटतो, १ चा 9 होतो. एकाच निरोपात दोन्ही प्रकारचे अंक मिसळणं सगळ्यात वाईट, कारण वाचणाऱ्याने कुठे काय धरायचं तेच ठरत नाही. पैसे म्हणून ‘.00’ जोडत नाही. छोट्या पडद्यावर टिंब दिसलं नाही, तर 245258.00 चे दोन कोटी पंचेचाळीस लाख होतात. त्याऐवजी शेवटी ‘/-’. ‘2.45 पाठवले’ असंही नाही. त्यात दोनशे अठ्ठावन्न रुपये कुठे गेले हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि महिन्याभराने ते बाकीत धरायचे की सोडायचे यावरून वाद होतो. आणि ‘अडीच पाठवतो’ हे आमच्या शेठजींचं फोनवरचं वाक्य तर आश्वासन समजायचं, रक्कम नव्हे.

स्वल्पविराम आमच्या पद्धतीने, तीन आकड्यांनंतर दोन-दोन. परदेशी कांदा पाठवणाऱ्यांच्या कागदांत मात्र वेगळंच दिसतं. आंतरराष्ट्रीय स्विफ्ट निरोपांच्या जुन्या साच्यात स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह. 18450,00 म्हणजे अठरा हजार चारशे पन्नास, आणि हजारांसाठी विराम द्यायची मुभा नाही. दोन्ही कामं करणाऱ्या माणसाने हे मनात वेगळं ठेवलेलं बरं.

शून्याचं प्रकरण यापेक्षा त्रासाचं आहे. २,०५,०५८ अक्षरांत ‘दोन लाख पाच हजार अठ्ठावन्न’ होते. शून्य म्हटलंच जात नाही. ऐकून लिहिणारा सहज 25058 लिहून जातो, आणि ‘लाख’ कानात असूनही आकडे पाचच पडतात. यासाठी आमची साधी तपासणी आहे. अक्षरांत ‘लाख’ आहे आणि ‘दहा लाख’पर्यंत गेलेलं नाही, तर अंक सहाच हवेत. बोटाने मोजायचे.

चूक झालीच, तर ती कुठली हे शोधायला नऊचा भागाकार कामी येतो. पट्टी आणि जमा यांत फरक निघाला की पहिल्यांदा तो नऊने भागून बघायचा. २,५४,२५८ मधून २,४५,२५८ गेले, राहिले ९,०००. नि:शेष भाग जातो. म्हणजे आकडे तेच आहेत, जागा बदलल्या आहेत, बोलण्या-ऐकण्यात अदलाबदल झाली असावी. कोणत्याही संख्येला नऊने भागलं की जी बाकी उरते, तीच तिच्या आकड्यांच्या बेरजेला भागूनही उरते. आकडे तेच म्हणून बेरीज तीच, बाकीही तीच, आणि वजाबाकीत ती उडून जाते. शून्य गळालं तरी हेच घडतं, कारण शून्याने बेरीज बदलत नाही. २,०५,०५८ वजा २५,०५८ म्हणजे १,८०,०००. तोही नऊने भागला जातो. फरक ३,००० निघाला असता, तर एखादा आकडाच बदललाय असं समजून पट्टी नीट निरखायची, बहुधा 5 चा 8 वाचला गेलेला असतो. नऊने भाग जातो म्हणजे अदलाबदलच झाली, असं मात्र नाही. एखादी ९ रुपयांची नोंद गळाली तरी भाग जाईल. त्याने शोध कुठून सुरू करायचा एवढंच कळतं.

निरोप गेल्यावर अंकी आणि अक्षरी जुळत नाहीत असं कळलं, तर आम्ही त्यातलं कुठलंही खरं धरत नाही. पट्टी खरी. चुकलेला निरोप पुसतही नाही. पुसला की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवलं. त्याच निरोपाला उत्तर म्हणून ‘वरील निरोप रद्द, आकडा चुकला’ एवढं लिहितो आणि पुढे पूर्ण निरोप नव्याने देतो. नुसता दुरुस्त आकडा पाठवला, तर पुढे दोन आकडे राहतात आणि कोणता शेवटचा ते कळत नाही.

एक नियम शेतकऱ्याकडून पाळून घ्यायचा असतो. आमचा निरोप वाचून ‘मिळाले’ लिहायचं नाही. बँकेचा जमा झाल्याचा एसएमएस आल्यावर त्यातला आकडा स्वतः वाचायचा आणि सुट्या अंकांत कळवायचा. श्रीगोंद्याकडच्या एका आजोबांचा फोन येतो, ते टाइप करत नाहीत. ‘ताई, लिहून घ्या, दोन, चार, पाच,’ म्हणतात, मग चष्मा नीट करतात, ‘दोन, पाच, आठ. बँकेतलं वाचतोय, तुमचं नाही.’ मी पट्टीवर प्रत्येक आकड्याखाली बरोबरची खूण करत जाते.