लोकलमधला पाऊण तास

बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी घेऊ. घर आणि कॉलेज बदलापूरला, क्लास ठाण्याला. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी तीन ते सात लेक्चर्स आणि रविवारी सकाळी टेस्ट. लक्ष्य एमएचटी-सीईटी, पीसीएम ग्रुप. क्लासच्या दिवशी ती घरी पोचते साडेआठला आणि जेवण झाल्यावर हातात जेमतेम तास उरतो. अशा मुलीला ‘रोज चार तास सेल्फ स्टडी कर’ असं सांगणं म्हणजे तिच्या टाइमटेबलकडे न बघताच बोलणं.

तिने आधी आठवड्यातली मोकळी वेळ दोन रकान्यांत मांडावी. एका रकान्यात टेबल-खुर्ची मिळते ती वेळ, दुसऱ्यात मिळत नाही ती. गणितं टेबलावरच सुटतात. त्यांना रफ वही लागते आणि सलग बसणं लागतं. लोकलमध्ये डीपीपी सोडवायला काढली, की डोंबिवली येईपर्यंत दोन प्रश्न अर्धवट होतात आणि तिसऱ्याला शेजारच्या बाईंचा कोपर लागतो. आठवणं मात्र कुठेही जमतं. म्हणून प्रवासात आठवायचं आणि टेबलावर सोडवायचं, एवढी वाटणी पक्की करावी.

दुपारी जाताना बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बहुधा बसायला मिळतं. हा पाऊण तास चिठ्ठ्यांचा. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद, पुढे प्रश्न, मागे उत्तर. ‘रोटेशनल डायनॅमिक्सची सूत्रं’ असं लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी, कारण ती काहीच विचारत नाही. चिठ्ठीवर असं हवं: ‘फिरकी घेणाऱ्या स्केटरने हात जवळ घेतले, I निम्मं झालं. गतिज ऊर्जेचं काय होईल?’ L तेवढाच राहतो आणि ऊर्जा L²/2I, म्हणून ती दुप्पट होते. उत्तर मनात पूर्ण तयार झाल्यावरच चिठ्ठी उलटायची. बरोबर आलं तर ती पुढच्या आठवड्याच्या गठ्ठ्यात जाते, चुकलं तर परवाच्या. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात खोक्याच्या कप्प्यांची जी पद्धत लोकप्रिय केली, तिचंच हे दोन रबरबँडांत बसणारं रूप. प्रश्न वाचता वाचता बोट आपोआप चिठ्ठी उलटू लागलं, की समजावं, आता नुसतं वाचन चाललंय.

परतीची गाडी वेगळी. साडेसातची गर्दी, दारापासून आत सरकायचीही मारामार. तिथे पुस्तक काढायचा अट्टहास नको. उभ्या उभ्या आजच्या लेक्चरमधल्या तीन-चार गोष्टी क्रमाने आठवता आल्या तर ठीक, नाही आल्या तरी हा वेळ अभ्यासाच्या हिशेबात धरायचाच नाही. अनेक टाइमटेबलं इथेच फसतात: येण्या-जाण्याचा सगळा वेळ कागदावर अभ्यास म्हणून मांडला जातो आणि बुधवारपर्यंत मुलगी स्वतःलाच आळशी ठरवून मोकळी होते.

रात्री जेवणानंतर नवीन काही नाही. क्लासची वही बंद ठेवून कोऱ्या पानावर आजचं लेक्चर पंधरा-वीस मिनिटांत उतरवायचं, मग वही उघडून सुटलेलं लाल पेनने भरायचं. लाल जागांच्या उद्याच्या चिठ्ठ्या होतात. त्यानंतर झोप. वही नुसती चाळली तर सगळं येतंय असं वाटतं. लाल पेन हातात असलं की तसं वाटून घेता येत नाही.

खरा अभ्यास मंगळवार, गुरुवार आणि शनिवारच्या दुपारी. त्या दिवसांत नव्वद मिनिटांची दोन सत्रं बसतात, मध्ये चहा. नव्वदच का? सीईटीत गणिताच्या 50 प्रश्नांना तेवढीच मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. पहिल्या सत्रात आदल्या दिवशीच्या लेक्चरची डीपीपी घड्याळ न लावता. दुसऱ्यात जुन्या धड्यांचे मिश्र प्रश्न घड्याळ लावून. शनिवारी दुसरं सत्र कोरं ठेवायचं. लोकल रखडते, प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिट करायचं असतं, ताप येतो. ते सारं इथे भरून निघतं. इथेही न मावलेल्या डीपीपीतले प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन प्रश्न सोडवून बाकीची निर्धास्त बाजूला ठेवावी. एक डीपीपी बुडाल्याने नुकसान थोडं होतं, पण तिच्यापायी पुढच्या चार मागे पडतात.

रविवारी टेस्ट सुटते तेव्हा मध्य रेल्वेवर बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो. गाडीची वाट बघताना चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहावं. ‘स’ म्हणजे सूत्र आठवलं नाही, त्याची चिठ्ठी होते. ‘क’ म्हणजे कल्पनाच कळली नव्हती, तो मंगळवारच्या पहिल्या सत्रात जातो आणि तिथेही अडला तर बुधवारी सरांकडे. ‘व’ म्हणजे येत होतं पण वेळ संपला, तो घड्याळवाल्या सत्रात. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न दिसला तर त्याला वेगळी खूण करावी. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेले पर्याय भरून टाकायची सवय अजून लागलेली नाही, हे त्यावरून कळतं.