काट्यावरचा दिवस

सकाळी ६. मिरकरवाड्याच्या जेटीवर या वेळी नीट उभं राहायलाही जागा नसते. रात्रीच्या होड्या लागलेल्या असतात, क्रेट उतरत असतात, बर्फाची गाडी मागे घेणारा ड्रायव्हर सगळ्या जगावर ओरडत असतो. जून-जुलैची बंदी उठून बरेच दिवस झालेत, मासळी बऱ्यापैकी आहे. मी आलोय घरच्या कालवणासाठी. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने सुरमई निवडली आणि म्हणाला, "मावशी, मधला काटा काढून द्या."

मावशी वर न बघता म्हणाली, "काटा काढला तर वजन कशावर करू?"

आजूबाजूचे हसले. गिऱ्हाईक जरा उशिरा हसलं. मी हे वाक्य पिशवीत बांगड्यांबरोबर टाकून घरी आणलं.

सकाळी ८. काम मुलांच्या विनोदांच्या एका इंग्रजी पुस्तकाचं आहे. पानभर चित्र, खाली एक प्रश्न, एक उत्तर. आजच्या पानावर चष्मा लावलेला मासा फळ्यासमोर बसलाय. प्रश्न असा की मासे इतके हुशार का असतात? उत्तर, कारण ते 'स्कूल'मध्ये राहतात. इंग्रजीत शाळाही 'स्कूल' आणि माशांचा थवाही 'स्कूल'. दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. शाळेचा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, थव्याचा डचांकडून. इंग्रजीत येऊन दोघांची तोंडं सारखी झाली, एवढंच. असा योगायोग मराठीत त्याच जागी पुन्हा घडावा, ही आशा धरून बसण्यात अर्थ नाही.

'स्कूल' तसाच ठेवला तर इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही अर्धाच कळेल, कारण थव्याचा अर्थ त्याच्या कानावर नाही. खाली तळटीप दिली तर विनोद समजेल, पण हसू येणार नाही. आणि चित्र बदलता येत नाही. अशा पुस्तकांची रंगीत छपाई सगळ्या भाषांसाठी एकदाच होते, भाषेगणिक बदलते ती फक्त काळ्या अक्षरांची प्लेट. म्हणजे मासा हवा, शाळा हवी, प्रश्नोत्तर हवं. 'हुशार' आणि 'थवा' मात्र सोडून दिले तरी चालतील. काय सोडायचं हे आधी ठरवलं की पुढचं काम निम्मं होतं.

सकाळी ९:३०. कोऱ्या कागदावर माशाचं अंग उतरवतो. खवले, कल्ले, पर, शेपूट, काटा. मग माशाभोवतीचं: गळ, जाळं, पाणी, आमिष. मग माशांची नावं. प्रत्येकासमोर त्या शब्दाचा दुसरा अर्थ, असला तर.

नावांचा रकाना भराभर भरतो. हलवा म्हणजे मासाही आणि गोडाचा पदार्थही. तिसऱ्या म्हणजे शिंपल्याही आणि तिसऱ्या क्रमांकाच्याही. घोळ तर फारच मोहक: 'माशांच्या वर्गात सगळ्यात जास्त चुका कोण करतं? घोळ!' फळा आहे, शाळा आहे, एका शब्दात उत्तर आहे. रत्नागिरीत हे चालेल. पण हे पुस्तक नागपूरलाही विकलं जाणार, आणि तिथल्या पोराने रोहू, कटला पाहिलेत, घोळ मासा पाहिलेला नाही. ज्या विनोदाला आधी भूगोल शिकवावा लागतो तो मुलांच्या पुस्तकातून काढलेला बरा. घोळ खोडला. वाईट वाटलं.

सकाळी ११. 'कल्ले'. माशाचे कल्ले विज्ञानाच्या पुस्तकात असतात, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. आणि वर्गातला कल्ला तर विचारायलाच नको. 'माशांच्या वर्गात इतका गोंगाट का? कारण प्रत्येकाला कल्ले असतात.' दोनदा मोठ्याने वाचल्यावर फट दिसते. माशाचे कल्ले अनेकवचनी, पोरांचा कल्ला मात्र एकवचनीच. 'कल्ले केले' असं कोणी म्हणत नाही. मराठीत कोटीचा सांधा इथेच निसटतो. शब्द जुळतो, पण लिंग, वचन किंवा विभक्ती जुळत नाही. इंग्रजी शब्दाला प्रत्ययांचा एवढा संसार नसतो, त्यामुळे तिथल्या कोटीबाजांचं सोपं जातं. लुईस कॅरलने १८६५ च्या 'अॅलिस'मध्ये समुद्री प्राण्यांच्या शाळेवर कोट्यांचा पाऊस पाडलाय, आणि त्यातल्या कितीतरी फक्त उच्चारावर उभ्या आहेत. भा. रा. भागवतांनी ते पुस्तक मराठीत आणताना अॅलिसचीच जाई केली. मुलीचं नाव बदलण्याची मोकळीक घेतलेल्या माणसाकडे बघून मला धीर येतो.

दुपारी १२:३०. ताटात बांगडा. काटा बाजूला काढताना भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर जाते आणि सकाळची मावशी आठवते. काटा माशाचा, काटा वजनाचा, काटा घड्याळाचा. माशाचे काटे अनेकवचनी, घड्याळाचेही अनेकवचनी. लिंग तेच. नागपूरच्या रोहूलाही काटे असतातच, आणि घड्याळाचे काटे शाळेतच शिकवतात. हात धुऊन लिहितो:

'मासा शाळेत कधीच उशिरा का येत नाही? कारण त्याच्या अंगात काटे असतात.'

विनोद आहे, पण शेवटी 'असतात' आडवा पडलाय. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि कोटीचा शब्द शेवटी यायला हवा. त्याच्यामागे एक शब्द जरी आला तरी हसू त्या शब्दापाशी ताटकळतं. बोलताना आपण क्रियापद बिनदिक्कत गिळतो, तेच इथे करायचं: 'कारण त्याच्या अंगातच काटे!' 'च'ने जोर आला. प्रश्नातला 'उशिरा' हा शब्द मात्र हलवायचा नाही. चित्रात घड्याळ नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात घड्याळ टांगायचं काम त्या एका शब्दाकडे आहे.

दुपारी ३. आता उलटा प्रवास. किनाऱ्यावरच्या किश्श्यांचा एक छोटा इंग्रजी संग्रह करतोय, त्यात मावशीचं वाक्य घालायचंय. इंग्रजीत माशाचा काटा म्हणजे 'बोन', आणि त्याचा तराजूशी काही संबंध नाही. तरी कागदावरची सकाळची यादी पुन्हा काढली आणि खवल्यांपाशी थांबलो. खवले म्हणजे 'स्केल्स', तराजू म्हणजेही 'स्केल्स', दोन्ही अनेकवचनी. तेव्हा इंग्रजी गिऱ्हाईक काटा नाही, खवले काढून मागेल, आणि मावशीचं उत्तर जसंच्या तसं राहील. तसेही कोळणीकडून खवले काढूनच घेतात, त्यामुळे प्रसंगही खोटा होत नाही. एक अवयव बदलला, बाकी सगळं वाचलं. असं क्वचित मिळतं. एक गोष्ट गेली ती गेलीच: 'काटा काढणे' यातली खुनशी छटा इंग्रजी मावशीच्या तोंडी येणार नाही.

संध्याकाळी ५:३०. शेजारच्या तिसरी-चौथीतल्या पोरांना प्रश्न वाचून दाखवतो. समजावून सांगायचं नाही, फक्त तोंडाकडे बघायचं, हा माझा नियम. मोठी मुलगी लगेच हसली. तिच्या भावाने आधी ताटातला मासा आठवला असावा, मग त्याची नजर घड्याळाकडे गेली, मग तो ओरडला. तिसऱ्याने विचारलं, "मग शिंपले उशिरा येतात का?" हा प्रश्न पुस्तकात घालता आला असता तर!

संध्याकाळी ७. संपादकांना पान पाठवलं. त्यांचा फोन आला, "मूळ विनोद माशाच्या हुशारीचा आहे, तुम्ही वक्तशीर केलात."

"चष्मा दोघांनाही शोभतो," म्हटलं. ते थोडं थांबले, मग "बरं" म्हणाले.

पुढच्या पानावर मासा पैसे ठेवायला नदीच्या 'बँके'त जातो. म्हणजे तीरावर. दिवसभर एका पानाशी झटल्यावर हे पान भांडी विसळता विसळता सुटलं: 'मासा पैसे कसे खर्च करतो? पाण्यासारखे!'